चेंडू 15 मीटरच्या वर कधी?

सेकंदाला 20 मीटर वेगाने सरळ वर फेकलेल्या चेंडूची उंची t सेकंदांनंतर साधारण 20t − 5t² मीटर असते. तो 15 मीटरच्या वर कधी असेल?

म्हणजेच 20t − 5t² > 15. सगळे एका बाजूला आणून −5 ने भागले की t² − 4t + 3 < 0 उरते. ऋण संख्येने भागताना चिन्ह उलटते आणि घसरण्याची जागा नेमकी हीच.

मुळे 1 आणि 3. t² चा सहगुणक धन, म्हणून अन्वस्ताचे तोंड वर. मुळांच्या मधला भाग तेवढा अक्षाखाली. आपल्याला शून्याहून लहान किंमत हवी, तेव्हा उत्तर 1 < t < 3.

चिन्ह उलटायचे राहिले, तर उत्तर मुळांच्या बाहेर पडते: t < 1 किंवा t > 3. पण t = 0 ला चेंडू अजून हातातच असतो! t = 2 ठेवले की उंची मिळते 20 मीटर.