चार वाजताची तल्लफ

दुपारचे चार वाजले की आमच्या ऑफिसात ड्रॉवर उघडल्याचे आवाज सुरू होतात. कुणाकडे क्रीमची बिस्किटं, कुणाच्या मुलाच्या वाढदिवसाचे उरलेले पेढे, आणि खालच्या टपरीवरचा पाकासारखा चहा. माझा रतीब ठरलेला होता: दोन चमचे साखरेचा चहा आणि चार बिस्किटं. एकदा पाकिटामागचा तक्ता वाचून हिशेब केला, तर साखर २५ ग्रॅमच्या आसपास भरली. वरून घातलेली साखर दिवसभरात साधारण तेवढ्यावरच थांबवलेली बरी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मूळ दुखणं एक वाजताच्या डब्यात होतं. तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, वर भात. म्हणजे पिष्टावर पिष्ट. त्याचं ग्लुकोज भराभर रक्तात उतरतं, ते आवरायला इन्सुलिन धावतं आणि दोन-तीन तासांनी काहींची साखर जेवणाआधी होती त्याहूनही खाली जाते. ब्रिटन-अमेरिकेतल्या हजारावर लोकांचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची साखर अशी जास्त घसरत होती, त्यांना पुन्हा भूकही लवकर लागत होती. सगळ्यांची मात्र तितकी घसरत नाही. तोच डबा खाऊन शेजारचा निवांत बसतो, तो त्यामुळेच.

शिवाय दुपारी शरीराच्या घड्याळालाच थोडी मरगळ येते, जेवण हलकं असलं तरी. रात्री झोप कमी झाली असेल तर ती दुप्पट जाणवते आणि हात बिस्किटांकडे वळतो. भूक आहे की नुसती तल्लफ, हे ओळखायला मी स्वतःला विचारतो: आत्ता भाजी-भाकरी मिळाली तर खाशील? ‘नको, पेढाच हवा’ असं उत्तर आलं, तर भूक नाही.

गोड बंद करून पाहिलं होतं. तीन आठवडे टिकलो, मग सोनपापडीचा अख्खा डबा एका बैठकीत संपवला. आता बटाट्याऐवजी मटकीची उसळ असते, एक पोळी कमी आणि वाटीभर दही. आधी कोशिंबीर-उसळ खायची, भात शेवटी. त्यानं साखर सावकाश चढते. बेसनाचा छोटा लाडू डब्यातच असतो, जेवणाबरोबर खायला. आपल्या पानात गोड जेवणासोबतच वाढतात, ती पद्धत बरी. रिकाम्या पोटी तोच लाडू साखर जास्त वेगानं चढवतो, आणि एकावर भागतही नाही. जेवल्यावर दहा मिनिटं चालतो. साडेतीनला मूठभर फुटाणे, चहात एक चमचा साखर.

मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांना चार वाजता घाम फुटला, हात थरथरले तर ती तल्लफ नसून साखर खरोखर उतरलेली असू शकते. तेव्हा फुटाणे चघळत बसू नये, लगेच साखर खावी आणि डॉक्टरांना कळवावं.

टपरीवाला अजून सवयीनं दोनच चमचे घालतो. आठवण करावी लागते.