निरोपानं सुरू झालेलं बोलणं

रात्री उशिरा हेल्पलाइनच्या चॅटवर एक नवी खिडकी उघडते. तीत एकच ओळ असते : ‘थँक्यू. बाय.’

त्याआधी काहीही नाही. प्रश्न नाही, तक्रार नाही, साधा ‘हॅलो’ही नाही. मानसिक आधार देणाऱ्या सेवांमध्ये लिहून संवाद साधणाऱ्या स्वयंसेवकाला अशा ओळीपाशी थबकावं लागतं. आभाराला ‘स्वागत आहे’ म्हणायचं आणि निरोपाला निरोप द्यायचा, ही आपल्या सगळ्यांच्या हातात बसलेली सवय. इथे तीच सवय घात करू शकते. ‘धन्यवाद, आपला दिवस शुभ असो’ एवढं लिहिलं की देवाणघेवाण पूर्ण झाली आणि समोरच्याला पुढे लिहायला जागाच उरली नाही.

उत्तर देण्याआधीचं पहिलं काम अगदी साधं आहे : वर सरकवून पाहणं. बऱ्याच ठिकाणी चॅट उघडताच एक तयार मेसेज आपोआप जातो : ‘संपर्क केल्याबद्दल आभारी आहोत, थोड्या वेळात कुणीतरी तुमच्याशी बोलेल.’ समोरच्याचं ‘थँक्यू’ हे त्या मेसेजला दिलेलं सभ्य उत्तर असू शकतं. तो माणूस आभार मानून थांबलेला नसतो, वाट बघत असतो. किंवा त्यानं चार दिवसांपूर्वी इथेच कुणाशी तरी मन मोकळं केलेलं असतं आणि आज तो फक्त आभार मानायला आलेला असतो. मेसेज चुकून आलेला असणंही शक्य आहे. आणि काही वेळा तो खरोखरच निरोप असतो. ओळ तीच, पण चारही ठिकाणी तिचा अर्थ वेगळा. म्हणून अर्थ ठरवून मग उत्तर द्यायचं नसतं. कोणताही अर्थ निघाला तरी चुकीचं ठरणार नाही, असं उत्तर द्यायचं असतं.

हे कसं जमतं, याचं उत्तर संभाषणांच्या अभ्यासात सापडतं, आणि त्या अभ्यासाचा उगमही अशाच एका केंद्रात आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये 1958 साली आत्महत्या प्रतिबंध केंद्र सुरू झालं. हार्वी सॅक्स हा तरुण समाजशास्त्रज्ञ 1963-64 मध्ये तिथे आलेल्या फोनची ध्वनिमुद्रणं ऐकत होता. कर्मचाऱ्यांची एक अडचण होती : फोन करणारे आपलं नाव सांगत नसत. सॅक्सच्या लक्षात आलं की हे नाव बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वाक्यांतच मिळतं किंवा हुकतं. कर्मचारी आधी स्वतःचं नाव सांगून ‘मी काय मदत करू’ असं विचारी, तेव्हा समोरचाही सहसा आपलं नाव सांगे. पण एका माणसानं ‘ऐकू येत नाही’ म्हटलं. कर्मचाऱ्यानं आपलं नाव पुन्हा उच्चारलं, त्या माणसानं तेच नाव खात्री केल्यासारखं परत म्हटलं, आणि त्या गडबडीत त्याचं स्वतःचं नाव सांगायची जागा निघून गेली. ते टाळायला त्याला नकार द्यावा लागला नाही. बोलण्यात प्रत्येक गोष्टीची एक जागा असते आणि ती जागा पुढचं वाक्य उघडतं किंवा बुजवतं, हे सॅक्सनं तिथे ओळखलं.

पुढे 1973 मध्ये सॅक्स आणि त्याचा सहकारी इमॅन्युएल शेग्लॉफ यांनी संभाषण संपतं कसं, यावर एक निबंध लिहिला. बोलणं नुसतं थांबत नाही, दोघांना मिळून ते थांबवावं लागतं, असा त्यांचा मुद्दा. आधी एक जण ‘बरं, मग…’ म्हणतो. हा खरा निरोप नसतो, निरोपाचा प्रस्ताव असतो. राहून गेलेलं काही असेल तर ते काढायची दुसऱ्याला मिळालेली ती शेवटची सवड असते. दुसऱ्यानंही ‘बरं’ म्हटलं की मगच निरोप घेतला जातो. आपल्याकडे पाहुणे उंबऱ्यावर चपला घालता घालता सर्वांत महत्त्वाची गोष्ट काढतात, ती याच सवडीत.

पहिलाच मेसेज निरोपाचा असतो, तेव्हा तो माणूस सरळ त्या उंबऱ्यावरच उभा राहिलेला असतो. आत यायला त्याला संकोच वाटतो आणि निघूनही जाववत नाही. म्हणून उत्तर देणाऱ्यानं त्या ओळीकडे निरोप म्हणून न पाहता निरोपाचा प्रस्ताव म्हणून पाहावं, आणि ‘बरं’ म्हणायच्या आधी ती सवड थोडी लांबवावी. या लेखाचा सारा भर या एका कृतीवर आहे.

मराठीत या ओळीची आणखी एक बाजू आहे. निघताना आपण ‘येतो’, ‘येते’ म्हणतो. ‘जातो’ म्हटलं तर घरातलं मोठं माणूस लगेच टोकतं, ‘जातो म्हणू नये, येतो म्हणावं.’ त्यामुळे ‘जाते आता’ हे शब्द मराठी कानाला ‘बाय’पेक्षा जड लागतात. धन्यवादाचंही तसंच. आई-वडिलांना किंवा जवळच्या मित्राला कुणी सहसा ‘सगळ्यासाठी धन्यवाद’ म्हणत नाही. घरगुती बोलण्यात आभार तोलूनमापून मानलेले दिसले, तर विचारणं बरं. अर्थात शब्दावरून निदान होत नाही. शहरातली पोरं दिवसातून दहादा ‘चल, जातो’ म्हणतात. शब्द फक्त कान टवकारायला लावतो, खरं काय ते विचारल्यावरच कळतं.

खऱ्या संभाषणांची गोपनीयता पाळायची असते, म्हणून इथे एक रचलेला नमुना घेऊ. ‘थँक्यू. बाय.’ अशी ओळ आली आहे. वर फक्त संस्थेचा तयार मेसेज आहे, जुनं बोलणं काही नाही. स्वयंसेवक लिहितो : ‘नमस्कार. तुम्ही मेसेज केलात, बरं वाटलं. निघायचं असेल तर हरकत नाही. थोडा वेळ असेल तर मी इथेच आहे.’

हे उत्तर लहान आहे आणि त्यात एकही प्रश्न नाही. चुकून आलेला माणूस ते वाचून निर्धास्त निघून जाईल, वाट बघणाऱ्याला आपल्यासमोर खरोखर कुणीतरी आहे हे कळेल, आणि संकोचलेल्याला परवानगी मिळेल. याऐवजी नाव, वय, गाव, काय त्रास होतो, कधीपासून, असा फॉर्मच पुढे केला असता, तर ज्याला ‘हॅलो’ म्हणण्याचंही बळ नव्हतं त्याला तो डोंगर वाटला असता. नव्या स्वयंसेवकांकडून काळजीपोटी नेमकी हीच चूक होते.

दोन मिनिटांनी उत्तर येतं : ‘सॉरी. उगाच त्रास दिला.’

हाही पुन्हा निरोपच. पण माणूस गेलेला नाही. आता एकच प्रश्न विचारायचा आणि तो त्याच्याच शब्दाला धरून : ‘त्रास अजिबात नाही. तुम्ही थँक्यू म्हणालात, ते कशाबद्दल होतं?’ त्याचे शब्द जसेच्या तसे परत दिले की तो मेसेज कुणीतरी नीट वाचला, एवढं तरी त्याला समजतं.

‘इतकी वर्षं सगळ्यांनी सांभाळून घेतलं, त्याबद्दल.’

इथे अनुभवी माणसाला दोन गोष्टी दिसतात. क्रियापद भूतकाळातलं आहे, जणू हिशोब पुरा झाला आहे. आणि आभार हेल्पलाइनचे नाहीत, ‘सगळ्यांचे’ आहेत. आता आडवळण नको. स्वयंसेवक लिहितो : ‘तुम्ही सगळ्यांचा निरोप घेताय, असं मला वाटतंय. तुमच्या मनात आत्महत्येचा विचार आहे का?’

हा प्रश्न विचारताना हात थरथरतो, कारण आपण विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरेल अशी भीती असते. ही भीती तपासली गेली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या 6 शाळांमधल्या 2,342 विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांना आत्महत्येबद्दल थेट विचारलं, काहींना विचारलं नाही. विचारलेल्या मुलांची अस्वस्थता इतरांपेक्षा वाढलेली आढळली नाही; आधीपासून नैराश्यात असलेल्या मुलांच्या बाबतीतही नाही. ‘असलं काही डोक्यात नाही ना?’ हा मात्र वाईट प्रश्न. त्यात ‘नाही’ हे उत्तर आधीच घातलेलं असतं, आणि थकलेला माणूस तेच उचलून परत देतो.

उत्तर ‘हो’ आलं तर पुढचे प्रश्न व्यावहारिक असतात. हा विचार आजचा, आत्ताचा आहे का? जिवाला धोका होईल असं काही जवळ आहे का, ते दुसऱ्या खोलीत किंवा दुसऱ्याच्या हाती देता येईल का? घरात, शेजारी कोण आहे? धोका त्याच क्षणी असेल तर कुणाला तरी त्याच्याजवळ बोलावणं आणि 112 ला फोन करणं हे बोलत राहण्यापेक्षा आधी येतं. समोरच्याच्या संमतीशिवाय माहिती कधी आणि कुणाला द्यायची, याचे नियम प्रत्येक संस्थेचे वेगळे असतात. ते स्वयंसेवकाला आधीच पाठ असावे लागतात.

आणि पहिल्या उत्तरानंतर काहीच आलं नाही तर? असंही होतं, आणि ते सोसावं लागतं. ‘आहात का?’, ‘आहात ना?’ असा मारा केला तर उलट दडपण येतं. काही मिनिटं थांबून एकच ओळ सोडायची : ‘आत्ता बोलायचं नसेल तरी चालेल. नंतर कधीही याच ठिकाणी लिहा, किंवा 14416 वर फोन करा.’ हा टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक. 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेली ही सेवा चोवीस तास मोफत चालते.

उत्तराची अपेक्षा नसलेल्या अशा ओळीचा उपयोग होतो का? सॅन फ्रान्सिस्कोतले मनोविकारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी 1969 मध्ये एक प्रयोग सुरू केला. नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या धोक्यामुळे रुग्णालयात राहून गेलेल्या, पण पुढचे उपचार नाकारलेल्या 843 जणांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला काहीच पाठवलं नाही. दुसऱ्या गटाला पाच वर्षांत 24 छोटी पत्रं गेली, सुरुवातीला दर महिन्याला, मग अंतर वाढवत. पत्रात मागणी काही नसे. तुमची आठवण आहे, वाटलं तर कळवा, एवढाच आशय. पत्रं मिळालेल्या गटात आत्महत्यांचं प्रमाण कमी राहिलं आणि पहिल्या दोन वर्षांत हा फरक ठळक होता. त्यानंतर तो हळूहळू पुसट झाला. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत इतकं स्वच्छ यश दिसलं नाही, हेही सांगायला हवं. पण न मागता आलेल्या चार ओळी दार उघडं ठेवू शकतात, याला यापेक्षा चांगला पुरावा सहसा मिळत नाही.

असे मेसेज फक्त हेल्पलाइनवर येत नाहीत. महिनोन्‌महिने न बोललेल्या चुलतभावाचा, जुन्या सहकाऱ्याचा किंवा वसतिगृहातल्या मैत्रिणीचा मध्येच मेसेज येतो : ‘तू माझ्यासाठी खूप केलंस. थँक्स.’ त्यावर हात जोडलेलं चित्र पाठवून पुढे जाणं सगळ्यांत सोपं. बहुतेक वेळा त्यात काळजीचं काही नसतंही. जुना फोटो सापडलेला असतो आणि मन भरून आलेलं असतं. पण ते फोन केल्यावरच कळतं. ‘तुझा मेसेज वाचला, एकदम माझी आठवण कशी आली?’ एवढं विचारलं की फोटो सापडलेला माणूस हसून फोटोबद्दल सांगू लागतो, आणि दुसरा थोडा वेळ गप्प राहतो. त्या गप्प राहण्यात आपण फोन ठेवायचा नाही. फोन उचललाच नाही, तर त्याच्याजवळ राहणारं माणूस कोण ते आठवायचं, आणि त्याला लगेच, सकाळची वाट न पाहता, दार वाजवायला सांगायचं.