ढोल वाजला की तुटतो!

गेल्या आठवड्यात मिक्सर का जळतो ते पाहिलं. आज ब्लूटूथ स्पीकर.

माझी भाची नववीत आहे. तिच्या दादाने हॉस्टेलला जाताना आपला जुना स्पीकर तिच्या गळ्यात मारला. "मध्येच तुटतो, पण वाजतो." दोन वर्षं तो माळ्यावर पडून होता. चार्ज केल्यावर बॅटरीचे तिन्ही दिवे लागले, पण गाणं काही मिनिटांत तुटलं. तिने फोनमधली जोडणी काढून पुन्हा केली, वायफाय बंद केलं, आईचा फोन लावून पाहिला. उपयोग नाही.

मग तिच्या एक गोष्ट लक्षात आली. आजीचं प्रवचन तासभर सुरळीत चालायचं; ढोल-ताशा मोठ्या आवाजात लावला की तुटायचा. आणि तुटल्यावर दर वेळी स्पीकर चालू होतानाची धून वाजायची. नुसतं ब्लूटूथ तुटलं असतं, तर ती धून कशाला वाजली असती? म्हणजे अख्खा स्पीकरच बंद पडून पुन्हा चालू होत होता. चार्जर लावून ठेवला, तर ढोलही बिनतक्रार वाजला. संशय बॅटरीवर गेला.

रविवारी आम्ही तो उघडला. आत एकच लिथियम सेल. मल्टिमीटर लावला, तर शांत असताना ३.९ व्होल्ट, म्हणजे ठणठणीत. ढोल सुरू झाला आणि आकडा ३.३ वर आला. स्वस्तातला मीटर सावकाश चालतो, त्यामुळे ठोक्याच्या क्षणी व्होल्टेज याहून खाली जात असणार. तेवढ्यात ब्लूटूथची चिप दम सोडते.

जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. ठोक्याला २ अँपियर लागतात असं धरू. रोध ०.३ ओहम असेल, तर ०.६ व्होल्ट सेलच्या आतच खर्ची पडतात. नव्या सेलचा रोध ०.०५ ओहमच्या आसपास, म्हणजे घट फक्त ०.१ व्होल्ट. दिवे मात्र शांत असतानाचं व्होल्टेज बघून लागतात, म्हणून ते फसवतात. मला विचाराल तर ते दिवे शोभेचेच.

सेल बदलायला आम्ही बॅटरीवाल्याकडे गेलो. त्याने तशाच मापाचा, संरक्षक सर्किट असलेला सेल पट्ट्या स्पॉट वेल्डिंग करून बसवला. घरी सोल्डरिंग गन थेट सेलवर टेकवू नका. उष्णतेने सेल आतून बिघडतो, पेटूही शकतो. आणि सेल फुगलेला दिसला, तर स्पीकर चार्जही करू नका.

नव्या सेलवर ढोल वाजताना मीटर ३.८ च्या खाली गेला नाही. जुन्या सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावून आम्ही तो ई-कचऱ्यात दिला. तुमच्याकडेही असा तुटणारा स्पीकर असेल, तर फोनला दोष देण्याआधी चार्जर लावून एकदा वाजवून पाहा.