कानाने ऐकायची गोष्ट : महाडचे तळे

मंडळी, पुस्तकातली गोष्ट वाचताना आपण अडलो, तर मागचे पान उलटतो. बोट ठेवून पुन्हा वाचतो. पण कानाने ऐकायच्या गोष्टीला पान नसते. वाक्य कानावरून गेले, ते गेले. म्हणून घडून गेलेली खरी हकिगत मोबाईलमध्ये बोलून साठवायची, आणि ती चार माणसांना ऐकवायची, तर ती निराळ्या रीतीने मांडावी लागते. ही रीत आम्ही कशी शिकलो ते सांगतो.

आमच्या साक्षरता वर्गातल्या मंडळींनी महाडच्या चवदार तळ्याची हकिगत घेतली. २० मार्च १९२७ या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अस्पृश्य बांधवांसह या तळ्यावर गेले व ओंजळीने पाणी प्याले. हे आपल्याला ठाऊक असते. पण त्याच्या मागची आणि पुढची वर्षे पुष्कळांना ठाऊक नसतात.

पहिल्या खेपेला आम्ही काय केले? शाळेतल्या धड्यासारखे वाचून काढले. १९२३ साली ठराव झाला, १९२४ साली अमुक झाले, १९२७ साली तमुक झाले, १९३७ साली निकाल लागला. ऐकून झाल्यावर एका आजीबाईंनी विचारले, "मास्तर, पाणी प्याले ते आधी का ठराव आधी?" आम्ही मनात म्हटले, सगळे सांगितले तरी आजींना कसे समजले नाही! मग ध्यानात आले की चूक आजींची नव्हे, आमची. एकोणीसशे तेवीस आणि एकोणीसशे सत्तावीस हे कानाला एकसारखेच लागतात. कागदावर आकडे निरनिराळे दिसतात. कानात त्यांचा गोंधळ होतो.

दुसऱ्या खेपेला आम्ही साल सांगायचे सोडले नाही, पण सालांमधले अंतर ऐकू येईल असे केले. एका माणसाने पितळी तांब्यावर चमच्याने ठोका द्यायचा. एक ठोका म्हणजे एक वर्ष. आता ऐका, म्हणजे वाचा, ते कसे झाले.

"१९२३ साल. मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेली पाणवठ्याची जागा, विहीर, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना मोकळी असावी, असा तो ठराव." यानंतर एक ठोका. "१९२४. महाडच्या नगरपालिकेने आपले चवदार तळे सर्वांना मोकळे असल्याचा ठराव केला." मग तीन ठोके, सावकाश, मध्ये कोणी बोलायचे नाही. त्यानंतर आवाज येतो : "हक्क कागदावरच राहिला. आता १९२७ साल उजाडले."

त्या तीन ठोक्यांनी जे कळते, ते आमच्या दहा वाक्यांनी कळले नव्हते. ठराव होऊनही तळ्यावर पाऊल पडत नाही, हे ऐकणारा स्वतः मोजतो.

मात्र इथेही एक फजिती झाली. निकालापर्यंतचे दहा ठोके ऐकून एक गृहस्थ म्हणाले, "दहा दिवसांत निकाल? मोठा लवकर लागला!" एक ठोका म्हणजे एक वर्ष, हे आम्ही सुरुवातीला एकदाच बोललो होतो. तेव्हा ते गृहस्थ पाणी प्यायला उठले होते. तेव्हापासून ठोक्यांच्या आधी दरवेळी "एकेक वर्ष सरते आहे" असे म्हणायचे, असा नियम केला.

आता दृश्य उभे करण्याचे. "त्या काळी अस्पृश्यांना पाण्याचे फार हाल होते" असे म्हटले, तर ते खरे आहे, पण डोळ्यांपुढे काही येत नाही. शोधाशोध केल्यावर एक बारीकशी गोष्ट हाती लागली. परिषदेसाठी दूरदूरहून माणसे पायी आली होती. तळे गावातच. तरी परिषदेच्या लोकांना पिण्याचे पाणी स्पृश्यांकडून विकत घ्यावे लागले, आणि त्यासाठी ४० रुपये मोजावे लागले. आम्ही गोष्ट तिथूनच सुरू केली. आधी तांब्यातून घागरीत पाणी पडल्याचा आवाज. मग नाण्यांचा आवाज. मग बोलणे : "मार्च महिना. कोकणातले ऊन. महाड गाव. पाणी विकत घेतले आहे. मोठे तळे हाकेच्या अंतरावर आहे." प्रत्येक वाक्यात एकच गोष्ट. जागा, वेळ, माणसे, आणि काय अडले आहे, एवढे पहिल्या अर्ध्या मिनिटात कळले पाहिजे.

आवाज व बोलणे एकदम लावू नका, हेही अनुभवाने सांगतो. आम्ही पावलांचा आवाज चालू ठेवून वर बोललो, तर म्हाताऱ्या मंडळींना एक शब्दही लागला नाही. आता आधी आवाज, तो थांबला की बोलणे. पावलांसाठी अंगणात खडी पसरली आणि सहा माणसे चालवली. बोलणारा मोबाईलपासून एक वीत दूर बसतो. खोलीत गोधड्या टांगल्या की घुमत नाही. पंखा मात्र बंद करावा लागतो, आणि उन्हाळ्यात त्याची फार कुरकुर होते. मिनिटाला शंभराच्या आसपास शब्द बोलावे. आमच्या मास्तरी सवयीला हे फार हळू वाटले, पण ऐकणाऱ्याला बरोबर वाटते.

एका गोष्टीत आमच्यात वाद झाला. तळ्यावरून लोक परतल्यावर, हे आता वीरेश्वराच्या देवळातही शिरणार, अशी खोटी अफवा उठली. जमावाने परिषदेच्या लोकांना मारहाण केली, पुष्कळ जखमी झाले. एका तरुणाचे म्हणणे, इथे किंकाळ्या घाला. आम्ही नाही म्हटले. घागरीतल्या पाण्याचा आवाज आपण केला, हे ऐकणाऱ्याला समजते. पण कोण कसे ओरडले ते आपल्याला ठाऊक नाही. ते रचून घातले तर खऱ्या हकिगतीचा तमाशा होईल. बाबासाहेबांच्या तोंडीही आपण रचलेले वाक्य घालायचे नाही, असेच ठरले. मारहाणीपाशी आम्ही फक्त काही क्षण गप्प राहतो, मग साध्या आवाजात घडले ते सांगतो.

त्यानंतर तळे पंचगव्य ओतून "शुद्ध" केले गेले, हे दोन वाक्यांत. त्याच वर्षी डिसेंबरात महाडला पुन्हा परिषद भरली; ती आम्ही गोष्टीत घेतली नाही. तिच्यासाठी दुसरी गोष्ट करावी लागेल. एका गोष्टीत एकच मुख्य दिवस ठेवला, तर बाकीची वर्षे त्याच्या मागे-पुढे उभी राहतात.

शेवट निकालाचा. "एकेक वर्ष सरते आहे", मग दहा ठोके. "१९३७, मार्च महिना. तळ्यावर फक्त आपलाच हक्क, हा स्पृश्य मंडळींचा दावा मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळला." ठराव झाला त्या वर्षी जन्मलेले मूल आता चौदा वर्षांचे झाले, हे वाक्य वर्गातल्या एका बाईंनी सुचवले.

तिसऱ्या खेपेला आम्ही गोष्ट पुन्हा त्याच आजीबाईंना ऐकवली आणि तीनच प्रश्न विचारले. कुठे घडले? आधी काय, मग काय? मध्ये किती काळ गेला? आजींनी तिन्ही उत्तरे बोटे मोजून दिली. मग म्हणाल्या, "ते चाळीस रुपये त्या वेळचे म्हणजे किती झाले हो मास्तर?"