गुडघ्याच्या गोळीचं लेबल : कोळंबी कुठे लिहिलेली असते आणि १५०० म्हणजे नक्की किती?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आकडे घाईत निघून जातात, इथे थांबून वाचता येतील.

विषय आला एका श्रोत्याच्या मेसेजमधून. तो नाशिकरोडचा, घरी आजी. आजी माळकरी, आणि दरवर्षी ज्येष्ठात निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वरहून निघते. आता गुडघे बोलायला लागलेत. घरात दोन डबे येऊन पडलेत. एक इथल्याच मेडिकलमधून मामांनी आणलेला, दुसरा अमेरिकेतल्या आतेभावाने पाठवलेला. दोन्हींवर ग्लुकोसामाइन, दोन्हींवर १५०० मिलिग्रॅम. त्याने चारही बाजूंचे फोटो पाठवले आणि विचारलं, "दादा, यातलं आजीला कोणतं चालेल? ती विचारतेय, यात काही मांसाहारी नाही ना रे?"

प्रश्न साधा आहे, उत्तर डब्याच्या पुढच्या बाजूला नाही. तिथे गुडघ्याचं चित्र असतं आणि पळणारे आजोबा असतात. डबा फिरवा.

आधी ग्लुकोसामाइन येतं कुठून ते बघू. हा एक साखरेचा भाऊबंद रेणू आहे, आपल्या कूर्चेतही असतो. बाजारातला बराचसा माल मात्र कोळंबी आणि खेकड्याच्या कवचातून येतो. कोळंबी सोलून गोठवण्याच्या कारखान्यांत कवचांचे ढीग उरतात. ते सौम्य आम्लात टाकून त्यातला चुना काढतात, अल्कलीत टाकून प्रथिनं काढतात. मागे उरतं ते कायटिन. ते तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात तापवलं की तुटून ग्लुकोसामाइन हायड्रोक्लोराइड मिळतं. दुसरी वाट आहे किण्वनाची. अ‍ॅस्परजिलस नायजर नावाच्या बुरशीच्या पेशीभित्तीतही कायटिन असतं. ती बुरशी मक्याच्या साखरेवर वाढवून त्यातून तोच रेणू काढतात. 'मक्यापासून' असं लिहिलेलं दिसतं ते यामुळे. मक्याच्या कणसात ग्लुकोसामाइन नसतं, मका हे त्या बुरशीचं जेवण.

दोन्ही वाटांनी मिळणारा रेणू एकच. म्हणून गोळी चाखून, हुंगून, रंग बघून काही कळणार नाही. कळेल ते फक्त लेबलवरून.

आता आपल्याकडचा नियम. एफएसएसएआयच्या व्याख्येत समुद्री प्राण्याचा अंश किंवा प्राणिजन्य पदार्थ असेल तर तो मांसाहारी. दूध आणि मधासारखे थोडे अपवाद आहेत. म्हणजे कोळंबीच्या कवचातलं ग्लुकोसामाइन असलेल्या पूरक आहारावर मांसाहारी खूण हवी. २०२० च्या लेबलिंग नियमांनी ही खूण बदलली: पूर्वी चौकोनात तपकिरी गोल होता, आता तपकिरी त्रिकोण आहे. शाकाहारीसाठी हिरवा गोलच. रंग कमी दिसणाऱ्यालाही आकारावरून कळावं म्हणून हा बदल, आणि मला तो फार शहाणपणाचा वाटतो. आजीने रंग नाही, आकार बघायचा.

मामांच्या डब्यावर हिरवा गोल आहे, 'न्यूट्रास्युटिकल' लिहिलंय, खाली एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक आहे. घटकांत ग्लुकोसामाइन एवढंच, कॉन्ड्रॉइटिन नाही. हे जुळतं. किण्वनाचा माल असेल तर हिरवा गोल योग्यच.

अमेरिकेच्या बाटलीवर कोणतीच खूण नाही. तिकडे अशी खूण नसतेच. पण अ‍ॅलर्जीचा नियम कडक आहे. कवचवाला प्राणी असेल तर कोणता तेही नाव घेऊन सांगावं लागतं. त्यामुळे घटकांच्या यादीखाली बारीक अक्षरात 'कंटेन्स' या शब्दापुढे शेलफिश आणि कंसात श्रिम्प, क्रॅब छापलेलं आहे. आजीच्या प्रश्नाचं उत्तर त्या एका ओळीत मिळालं. आणखी एक गोष्ट 'इतर घटक' या ओळीत होती: जिलेटिन. कॅप्सूलचं कवच. तेही प्राण्यांच्या हाडा-कातड्यातूनच येतं. बरेच जण आतला माल तपासतात आणि बाहेरचं वेष्टण विसरतात.

याच बाटलीत कॉन्ड्रॉइटिनही आहे, आणि तिथे लेबल गप्प आहे. कॉन्ड्रॉइटिन वनस्पतीत सापडत नाही. ते कूर्चेतून काढतात: गाय-बैलाच्या श्वासनलिकेतून, डुकराच्या, कोंबडीच्या किंवा शार्कच्या कूर्चेतून. बॅक्टेरिया वापरून किण्वनाने केलेलं कॉन्ड्रॉइटिनही निघालंय, पण ज्याच्याकडे ते असतं तो ते मोठ्या अक्षरात सांगतो. म्हणून माझा ठोकताळा असा: कॉन्ड्रॉइटिन आहे आणि स्रोत लिहिलेला नाही, तर प्राणिजन्य समजायचं. हिरवा गोल आणि कॉन्ड्रॉइटिन एकत्र दिसलं तर डब्यावरच्या कस्टमर केअरला मेल करून एकच प्रश्न विचारायचा, की कॉन्ड्रॉइटिनचा स्रोत कोणता? उत्तर लेखी मागायचं.

एक फट इथे लक्षात ठेवा. काही ग्लुकोसामाइनच्या गोळ्या औषध म्हणून विकल्या जातात, बऱ्याचदा डायसेरीनसारख्या औषधाबरोबर एकाच गोळीत. त्यांच्यावर एफएसएसएआयचा क्रमांक नसतो, औषध परवान्याचा असतो, आणि औषधांना हिरवी-तपकिरी खूण बंधनकारक नाही. खूण नाही म्हणजे शाकाहारी असा अर्थ तिथे काढू नका.

आता अ‍ॅलर्जी. कोळंबी खाल्ली की अंगावर गांधी उठतात अशा माणसाचं काय? कोळंबीतलं मुख्य अ‍ॅलर्जीकारक प्रथिन, ट्रोपोमायोसिन, मांसात असतं, आणि गोळी बनते कवचातून. २००६ मध्ये कोळंबीची अ‍ॅलर्जी असलेल्या १५ जणांना कोळंबीपासूनचं ग्लुकोसामाइन देऊन बघितलं होतं, कोणालाच त्रास झाला नाही. पण १५ म्हणजे एक वर्गही भरत नाही. किण्वनाचा पर्याय उपलब्ध असताना घशाला सूज येण्याचा इतिहास असलेल्याने हा प्रयोग घरी करू नये, असं माझं मत. आजीच्या बाबतीत हा प्रश्न नव्हता, तिचा प्रश्न माळेचा होता. दोन्ही प्रश्न वेगळे, पण उत्तर शोधायची ओळ एकच.

आता आकडे. मला खरी मजा इथे आली.

दोन्ही डब्यांवर १५०० आहे ना? पण कशाचे १५००? शुद्ध ग्लुकोसामाइन गोळीत टिकत नाही, म्हणून ते कायम क्षार म्हणून येतं. हायड्रोक्लोराइडमध्ये वजनाचा साधारण ८३ टक्के भाग ग्लुकोसामाइन असतो. सल्फेट मात्र हवेतलं पाणी ओढतं, म्हणून त्याला स्थिर करायला पोटॅशियम क्लोराइड किंवा साधं मीठ जोडतात. लेबलवर 2KCl किंवा 'पोटॅशियम क्लोराइड' दिसतं ते हेच. या जोडीत ग्लुकोसामाइनचा वाटा उरतो सुमारे ५९ टक्के.

मामांच्या डब्यावर पुढे १५००, पण मागे काय? 'प्रत्येक गोळीत: ग्लुकोसामाइन सल्फेट पोटॅशियम क्लोराइड ७५० मिलिग्रॅम', आणि सर्व्हिंग दोन गोळ्या. म्हणजे १५०० दोन गोळ्यांचे, आणि तेही मिठासकट. ५९ टक्के काढले तर प्रत्यक्ष ग्लुकोसामाइन साधारण ८९० मिलिग्रॅम. अमेरिकेच्या बाटलीत सर्व्हिंग तीन कॅप्सूल, हायड्रोक्लोराइड १५००. त्याचे ८३ टक्के म्हणजे सुमारे १२४५. पुढच्या बाजूला आकडा तोच, आत साडेतीनशेचा फरक. आणि आजीने 'रोज एक' म्हणून घेतली असती तर मामांच्या डब्यातून तिला ४४५ मिळाले असते, बाटलीतून ४१५.

मग बरोबर आकडा कोणता? युरोपातल्या ज्या अभ्यासांत सल्फेटचा फायदा दिसला, त्यांत १५०० हे मीठ वगळून सल्फेटचे होते. मिठासकट ते १८८४ भरायचे. त्या मापाने मामांच्या दोन गोळ्यांत सल्फेट ११३० च्या आसपास येतं. ही फसवणूक आहे असं मी म्हणत नाही, क्षाराचं पूर्ण नाव छापलेलं आहे. पण 'अभ्यासात वापरलेला डोस' असं कोणी म्हणत असेल तर त्याने मीठ धरलंय की वगळलंय, हे विचारा.

आता नको असलेली बातमी. २००६ मध्ये अमेरिकेत गेट नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. गुडघेदुखीचे १५८३ रुग्ण, २४ आठवडे. ग्लुकोसामाइन हायड्रोक्लोराइड दिवसाला १५००, कॉन्ड्रॉइटिन १२००. दोन्ही एकत्र घेणाऱ्यांपैकी ६६.६ टक्क्यांची वेदना कमी झाली. ऐकायला छान. पण ज्यांना औषध नसलेली खोटी गोळी दिली होती, त्यांच्यातही ६०.१ टक्क्यांची कमी झाली होती! हा फरक योगायोगाने येऊ शकेल इतकाच होता. जास्त दुखणाऱ्यांच्या एका छोट्या गटात दोन्हींच्या जोडीचा फायदा दिसला, पण तो गट निष्कर्षाला पुरेसा मोठा नव्हता. २०१९ च्या अमेरिकी संधिवाततज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेने गुडघ्यासाठी या दोन्हींच्या विरोधात ठाम शिफारस केली. 'शेजारच्या काकूंना फरक पडला' हे खोटं नसतं. दहातल्या सहांना खोट्या गोळीनेही पडतो.

म्हणून त्या श्रोत्याला मी लिहिलं: बाटली आजीसाठी नाही, हे नक्की. मामांचा डबा तिच्या नियमात बसतो, पण सुरू करण्याआधी दोन गोष्टी डॉक्टरांना दाखव. एक, तिच्या दोन गोळ्यांत साधारण १९५ मिलिग्रॅम पोटॅशियम आहे. निरोगी माणसाला ते किरकोळ, एका केळ्यात याहून जास्त असतं. पण मूत्रपिंडाच्या त्रासामुळे पोटॅशियम मोजून खाणाऱ्याला ते हिशोबात धरावं लागतं. दुसरं, वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? ग्लुकोसामाइनबरोबर आयएनआर वाढल्याच्या नोंदी आहेत. चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा डबा उघडायचाच नाही.

त्याचा उलट मेसेज आला, "वॉरफेरिन नाही, पण बीपीच्या गोळीचं पाकीट दाखवू का?" हो, तेही दाखव. बीपीच्या काही गोळ्या स्वतःच पोटॅशियम वाढवतात.