‘No Signal’ म्हणतंय कोण?

सेट-टॉप बॉक्सचा दिवा लागलेला आहे, टीव्हीही सुरू आहे, पण चित्राऐवजी काळ्या किंवा निळ्या पडद्यावर ‘No Signal’ अशी पाटी दिसते. अशा वेळी बहुतेक घरांतून पहिला फोन केबलवाल्याला जातो, नाहीतर कुणीतरी छत्री हलली का ते बघायला गच्चीवर चढतो. त्याआधी एवढंच बघा : ही पाटी कोण दाखवतंय, टीव्ही की बॉक्स?

दोघांच्या पाट्या वेगळ्या असतात. पावसामुळे किंवा डिश सरकल्यामुळे सिग्नल गेला, तर तसं सांगतो तो बॉक्स. त्याच्या पाटीवर बहुधा कंपनीचं चिन्ह, एखादा एरर क्रमांक आणि काय करायचं याच्या सूचना असतात. नुसते ‘No Signal’ हे दोन शब्द, तेही पडद्यावर इकडून तिकडे फिरणारे, हे सहसा टीव्हीचं बोलणं असतं. खात्री करायची तर बॉक्सच्या रिमोटवरचं Menu किंवा Home बटण दाबा. बॉक्सचा मेनू उमटला, तर टीव्ही आणि बॉक्स यांची जोडणी ठीक आहे; अडचण डिशची, केबलची किंवा रिचार्जची आहे. मेनू उमटलाच नाही, तर बॉक्सचं चित्र टीव्हीपर्यंत पोचतच नाही. याचं सर्वांत साधं कारण म्हणजे चुकीचा सोर्स.

टीव्हीच्या मागे किंवा बाजूला बऱ्याच खाचा असतात : HDMI 1, HDMI 2, AV, अँटेना, यूएसबी. ही टीव्हीत शिरायची वेगवेगळी दारं आहेत आणि टीव्ही एका वेळी एकाच दाराकडे बघतो. बॉक्स दुसऱ्या दाराशी उभा असेल, तर टीव्हीच्या लेखी कुणी आलेलंच नसतं.

समजा, बॉक्सची वायर HDMI 2 मध्ये आहे. सुट्टीत आलेल्या नातवाने HDMI 1 मध्ये लॅपटॉप जोडला, सिनेमा बघितला आणि वायर काढून तो गावी गेला. टीव्ही मात्र अजून HDMI 1 कडेच बघतो आहे. आजी बॉक्सच्या रिमोटवर चॅनल बदलत राहतात आणि काहीच होत नाही, कारण सोर्स बदलण्याचं काम टीव्हीच्या रिमोटचं आहे. त्यावर Source किंवा Input असं बटण असतं. काहींवर चौकोनात शिरणाऱ्या बाणाची खूण असते. ते दाबलं की यादी येते. वरखाली बाणांनी HDMI 2 वर जायचं आणि OK दाबायचं. दोन-चार सेकंदांत चित्र येतं. आपली वायर कोणत्या खाचेत आहे हे आठवत नसेल, तर टीव्हीच्या मागे खाचेशेजारी छापलेलं नाव वाचा. तिथं हात पोचत नसेल, तर यादीतला एकेक पर्याय निवडून प्रत्येकावर थोडं थांबा. बॉक्स जुना असून लाल, पांढऱ्या, पिवळ्या पिनांनी जोडलेला असेल, तर AV निवडायचं.

यादीत ‘TV’ असाही पर्याय असतो आणि अनेक जण फसतात ते तिथेच. मुंबईत 2012 मध्ये केबलचं डिजिटायझेशन झालं, त्याआधी वायर थेट टीव्हीत जायची आणि चॅनल शोधायला ऑटो ट्यूनिंग करावं लागायचं. ती सवय अजून टिकून आहे. आता डिशची किंवा केबलची वायर बॉक्समध्ये जाते आणि चॅनल शोधायचं काम बॉक्स करतो. म्हणून ‘TV’ निवडून कितीही ट्यूनिंग केलं, तरी बॉक्सवरचे चॅनल त्यातून मिळणार नाहीत.

सोर्स बरोबर असूनही पाटी जात नसेल, तर आधी बॉक्स खरंच जागा आहे का ते पाहा. बॉक्स स्टँडबायवर असतानाही दिवा लागलेला असतो. बऱ्याच बॉक्सवर तेव्हा त्याचा रंग लाल असतो. एकाच रिमोटने दोन्ही चालू-बंद होत असतील, तर कधी टीव्ही सुरू होतो आणि बॉक्स झोपतो. बॉक्स जागा असेल, तर दोन्हींची बटणं भिंतीवरून बंद करा, एचडीएमआय वायर दोन्ही टोकांना काढून पुन्हा नीट बसवा, आधी टीव्ही आणि मग बॉक्स सुरू करा. तरीही काही दिसलं नाही, तर वायर टीव्हीच्या दुसऱ्या एचडीएमआय खाचेत लावा, पण मग सोर्सही तोच निवडायला विसरू नका. तिथे चित्र आलं, तर पहिली खाच बिघडली आहे. तिथेही आलं नाही, तर दुसरी वायर लावून बघा. त्यानंतरच माणूस बोलवा आणि फोनवर त्याला सांगा, ‘बॉक्सचा मेनूसुद्धा दिसत नाही.’ म्हणजे तो डिशऐवजी बॉक्स आणि वायर तपासायच्या तयारीने येईल.

आजच एक काम करून ठेवा. बॉक्सची वायर कोणत्या खाचेत आहे ते बघून, ‘सेट-टॉप बॉक्स : HDMI 2’ असं चिकटपट्टीवर लिहून टीव्हीच्या रिमोटच्या मागे चिकटवा.