जात जुनीच होती, मग आग १९७८ लाच का लागली? नामांतराच्या दंगलीतून समजून घ्या जातीच्या भांडणामागचं गणित

नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांतल्या पोरांच्या मार्कशीटवर स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचं नाव असतं. बाकीच्या चार जिल्ह्यांतल्या पोरांच्या मार्कशीटवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं. १९९४ पर्यंत आठही जिल्ह्यांचं विद्यापीठ एकच होतं. या नावासाठी मराठवाड्यात सोळा वर्षं संघर्ष झाला आणि त्यात दलित वस्त्या जळाल्या, माणसं मेली. आजच्या तरुणांना यातलं फारसं ठाऊक नाही. पण जातीचं भांडण पेटतं कसं, हे समजून घ्यायला आपल्या भागात याच्याइतकं जवळचं उदाहरण दुसरं नाही.

अभ्यासक काय म्हणतात?

जात, धर्म, भाषा यावरून माणसं का भांडतात, यावर अभ्यासकांचे दोन मोठे विचार आहेत. पहिल्याला आदिमवाद म्हणतात. माणूस जन्मतःच रक्ताच्या, जातीच्या, भाषेच्या नात्यानं बांधलेला असतो आणि हे बंध इतके खोल असतात की त्यांना धक्का लागला की माणूस पेटून उठतो, असं हा विचार सांगतो. क्लिफर्ड गीर्ट्झ या अमेरिकन अभ्यासकाचं नाव यात घेतात.

दुसरा विचार साधनवादाचा. जात असते, पण ती आपोआप भांडत नाही. सत्ता, जागा, मतं मिळवायला पुढारी तिचा हत्यारासारखा वापर करतात, असं हे लोक म्हणतात. पॉल ब्रास यांनी उत्तर प्रदेशातल्या दंगलींचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. दंगल आपसूक होत नाही, तिची आधी तयारी होते, मग ती घडवली जाते आणि नंतर "लोक चिडले होते" असं सांगून तिचा खुलासाही केला जातो, असं त्यांचं म्हणणं.

आता हे दोन्ही विचार आपल्या मातीत लावून बघू.

१९७७ : नाव द्यायला होकार

मराठवाडा विद्यापीठ १९५८ ला औरंगाबादला सुरू झालं. त्याच्या आधी, १९५० मध्येच, बाबासाहेबांच्या संस्थेनं तिथं मिलिंद महाविद्यालय काढलं होतं. निजामाच्या राज्यात शिक्षणाची वानवा होती आणि या कॉलेजात मराठवाड्यातली कितीतरी गरीब पोरं शिकली. म्हणून विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या, ही मागणी पुढं आली. १९७७ मध्ये विद्यापीठाच्या कार्यकारिणीनं तसा ठरावही केला. सुरुवातीला काही दलितेतर विद्यार्थी संघटनाही या मागणीच्या बाजूनं होत्या.

भांडण रक्तातलंच असेल, तर १९७७ ला हा होकार कसा मिळाला? एका वर्षात कुणाची जात बदलली नव्हती. बदललं होतं राजकारण.

१९७८ : नऊ दिवसांचं सरकार

१८ जुलै १९७८ ला वसंतदादांचं सरकार पाडून शरद पवार मुख्यमंत्री झाले. नव्या सरकारला सगळ्या बाजूंनी पाठिंबा हवा होता. नवव्या दिवशी, २७ जुलैला, विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव मंजूर केला. त्याच दिवसापासून मराठवाड्यात दंगल सुरू झाली.

विरोध करणाऱ्यांनी "आम्ही दलितांच्या विरोधात आहोत" असं म्हटलं नाही. "मराठवाड्याची अस्मिता पुसली जातेय" असं म्हटलं. गोविंदभाई श्रॉफांसारखे निजामाविरुद्ध लढलेले मोठे नेतेही याच मुद्द्यावर विरोधात होते. ही अस्मिता खोटी नव्हती. चारच वर्षं आधी, १९७४ ला, मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी याच अस्मितेवर सरकारशी भांडले होते. नोकऱ्या, रेल्वे, पाणी द्या, ही त्यांची मागणी होती. वसमतला गोळीबारात पोरं गेली होती.

नीट बघा, शब्द तोच होता, "मराठवाडा". १९७४ ला त्याचं तोंड मुंबईतल्या सरकारकडं होतं. १९७८ ला तेच तोंड गावाबाहेरच्या वस्तीकडं वळलं. नोकऱ्या मुंबईनं दिल्या नव्हत्या, पण राग निघाला शेजारच्या मजुरावर. हत्यार म्हणून जात वापरतात ती अशी.

आग सगळीकडं सारखी नव्हती

दंगल शेकडो गावांत पोचली, पण तिचा जोर नांदेड, परभणी आणि औरंगाबाद या तीन जिल्ह्यांत जास्त होता. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. जाती तर पाचही जिल्ह्यांत त्याच होत्या. या तीन जिल्ह्यांत दलितांनी गावकीची जुनी कामं सोडून द्यायला जास्त ठामपणे सुरुवात केली होती, असं अभ्यासकांनी नोंदवलंय. म्हणजे शहरातल्या पुढाऱ्यांचं भांडण नावाचं होतं आणि गावातल्यांचा राग वेगळाच होता. बोलावलं की येणारा माणूस आता येईना, त्याचं पोरगं कॉलेजात जातंय, याचा तो राग. विद्यापीठाचं नाव हे निमित्त झालं. ज्यांनी आयुष्यात विद्यापीठाची पायरी पाहिली नव्हती त्यांची घरं जाळणारेही बहुतेक तसेच, विद्यापीठ न पाहिलेले होते.

साधनवाद कुठं कमी पडतो?

सगळं पुढाऱ्यांनीच केलं असं म्हणून आपण हात झटकले, तर तेही खरं नाही. ओल्या पऱ्हाटीला काडी लावली तर ती पेटत नाही. वस्ती गावाबाहेर वेगळी ठेवलेली होती, पाणवठा वेगळा होता, म्हणूनच कुणाचं घर जाळायचं हे कुणाला विचारावं लागलं नाही. ते सरपण पिढ्यांपिढ्या वाळत पडलं होतं.

आणि दुसऱ्या बाजूनंही बघा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे या दंगलीत मारले गेले. नांदेड शहरात गौतम वाघमारे यांनी नोव्हेंबर १९९३ मध्ये नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतलं. त्यांना तिकीट मिळणार नव्हतं की खुर्ची. "घरात पीठ नाही आणि विद्यापीठ मागतात" अशा अर्थाची टिंगल तेव्हा व्हायची. पण ज्याला शतकानुशतकं नावच नव्हतं, त्याच्यासाठी नाव पोटाइतकंच मोठं असतं. ही ओढ फायद्या-तोट्याच्या हिशोबात बसत नाही. इथं आदिमवाद्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

म्हणून दोन्ही विचार एकत्र धरावे लागतात. भावना खरी असते, पण ती कधी, कुणाविरुद्ध आणि कोणत्या शब्दात बाहेर काढायची, हे बहुतेक वेळा दुसरंच कुणीतरी ठरवतं.

कुणाला काय मिळालं?

दंगल भडकली तसा सरकारनं ठराव बासनात गुंडाळला. तो सोळा वर्षं तिथंच राहिला. नामांतराला विरोध करणारी शिवसेना ऐंशीच्या दशकात मुंबईतून मराठवाड्यात आली आणि १९८८ ला औरंगाबाद महापालिकेत सगळ्यात मोठा पक्ष झाली. १४ जानेवारी १९९४ ला, विधानसभा निवडणूक वर्षभरावर असताना, पुन्हा मुख्यमंत्री असलेल्या पवारांनी नामविस्तार केला. बाबासाहेबांचं नाव आलं आणि मराठवाडाही राहिला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचं वेगळं विद्यापीठ झालं.

म्हणजे दोन्ही नावं एका पाटीवर बसत होती. हा तोडगा १९७८ ला सुद्धा निघू शकत होता. मधल्या सोळा वर्षांत कुणाच्या खुर्च्या आल्या, कुणाच्या गेल्या. ज्यांच्या झोपड्या जळाल्या आणि ज्यांच्या पोरांवर केसेस झाल्या, ते दोघंही एकाच गावचे होते आणि दोघांच्याही हाताला पुढं काही लागलं नाही.

आज आरक्षणावरून आपल्याच गावात मराठा आणि ओबीसी एकमेकांच्या दुकानात जाईनात, अशा गोष्टी कानावर येतात. मागण्या दोन्हीकडच्या खऱ्या असतील. पण मोबाईलवर एखादी भडक क्लिप आली, की १९७८ आठवावं. हा राग काल नव्हता तो आज का आला, त्याचं तोंड सरकारकडं आहे की शेजाऱ्याकडं आणि येती निवडणूक कितव्या महिन्यात आहे, एवढं तपासावं आणि मगच ती क्लिप पुढं पाठवायची की नाही ते ठरवावं.